शॉप ॲक्टच्या उशिरा केलेल्या अर्जात ‘अपरिहार्य कारणास्तव’ लिहू नका

दुकानदारांचे कायद्याचे कागद करून देणं हा माझा रोजचा धंदा. शॉप ॲक्टची (मुंबईकरांच्या भाषेत गुमास्त्याची) मुदत संपून गेल्यावर माणूस आला की त्याच्या हातात बहुतेक वेळा एक तयार अर्ज असतो. त्यात ‘काही अपरिहार्य कारणास्तव नूतनीकरण वेळेत करता आले नाही, तरी विलंब माफ करावा’ एवढंच असतं. या ओळीवर माझा मनापासून राग आहे. तिच्यात कारणच नसतं. समोरचा अधिकारी त्यावर होय म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही, म्हणून फाईल पडून राहते.

आधी एक गोष्ट तपासा. 2017 चा महाराष्ट्राचा नवा कायदा आल्यापासून छोट्या दुकानांना नूतनीकरण नाहीच. त्यांनी ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोचपावती जपून ठेवायची. पूर्वी ही सवलत दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना होती, 2025 च्या अध्यादेशाने ती वीसपेक्षा कमी कामगारांपर्यंत वाढली. चार पोरांवर चालणाऱ्या किराणा दुकानाकडून कोणी ‘रिन्युअल’चे पैसे मागत असेल तर आधी कारण विचारा. पुढचं सगळं मोठ्या दुकानांसाठी आहे.

गेल्या वर्षीचं एक प्रकरण सांगतो. जिल्ह्याच्या गावातलं दोन मजली कापडदुकान, 24 कामगार. प्रमाणपत्र वडिलांच्या एकट्याच्या नावावर होतं. कायदा एका वेळी दहा वर्षांपर्यंत नोंदणी देतो, पण त्यांनी पाचच वर्षांची घेतली होती आणि ती जून 2025 अखेर संपत होती. वडील एप्रिलमध्ये गेले. दुकान मुलीने हाती घेतलं. जीएसटीचा नवा नंबर तिने ‘मालकाचा मृत्यू’ हे कारण नोंदवून लगेच घेतला. शॉप ॲक्टचं लॉगिन मात्र वडिलांच्या मोबाइलवर होतं आणि ते सिमकार्ड घरच्यांनी बंद करून टाकलं होतं. ओटीपी येणार कुठून? नूतनीकरणाच्या अर्जाला मालकाची स्वयंघोषणा लागते, ती मयताच्या नावाने करता येत नाही. म्हणजे आधी मालकाचं नाव बदलायला हवं. कार्यालयात प्रतिज्ञापत्र नेलं तर कोर्टाचा वारस दाखला आणा म्हणाले. तो दाखला 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालय देतं. त्यासाठी जाहीर नोटीस काढावी लागते, हरकतींसाठी मुदत ठेवावी लागते, त्यात मधे मे महिन्याची सुट्टी आली. दाखला हातात पडायला सप्टेंबर उजाडला.

ती माझ्याकडे आली तोवर दोन सल्ले मिळालेले होते. एक म्हणे, मधले महिने दुकान बंद होतं असं लिहा. दुसरा म्हणे, जुनं सोडून द्या, आजच्या तारखेने नवीन नोंदणी काढा, लेट फी नाही की खुलासा नाही. ‘काका, यातलं सोपं कुठलं?’ असं तिने विचारलं. मी म्हटलं, दोन्ही महागात पडतील.

बंद होतं म्हणावं तर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरच्या जीएसटी रिटर्नमध्ये विक्री दिसते. पीएफची चलनं भरलेली आहेत, ईएसआय भरलेलं आहे, व्यवसाय कर कापलेला आहे. पगार दिले आणि दुकान बंद होतं, हे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. उशीर ही एक चूक, खोटी स्वयंघोषणा ही दुसरी आणि पहिलीपेक्षा कितीतरी मोठी.

नव्या नोंदणीचा सल्ला मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो निरुपद्रवी दिसतो. अर्जात धंदा सुरू झाल्याची तारीख भरावी लागते. तिथे 2025 पडलं की बँकेच्या कर्जखात्याला दुकान एका रात्रीत नवखं दिसायला लागतं, पीएफच्या नोंदीतली स्थापनेची तारीख वेगळी पडते. पण मला काळजी होती ती काउंटरवर 22 वर्षं उभ्या असलेल्या मामांची. ग्रॅच्युइटी सलग नोकरीच्या वर्षांवर मोजतात, दर वर्षामागे शेवटच्या पगाराच्या हिशेबाने 15 दिवस. कायद्याने त्यांचा हक्क अशा कागदाने जात नाही, पण उद्या कोणी वारस उलटला तर त्या म्हाताऱ्या माणसाला कोर्टात सिद्ध करत बसावं लागेल की हे दुकान तेच आहे. ज्याने 22 वर्षं तागे उलगडून दाखवले त्याच्या डोक्यावर हे ओझं आपल्या सोयीसाठी का ठेवायचं?

म्हणून आम्ही जुन्याच नोंदणीवर नूतनीकरण आणि मालकाच्या नावातला बदल एकत्र मागितला. खुलाशाचं पत्र एका पानाचं होतं आणि त्याचा गाभा असा होता:

‘सदर आस्थापनेची नोंदणी दि. 30 जून 2025 रोजी संपली. त्यापूर्वी एप्रिलमध्ये मालक मयत झाले (मृत्यू दाखला जोडला आहे). मालकाच्या नावात बदल करण्यासाठी आवश्यक वारस दाखल्याचा अर्ज मे महिन्यात दिवाणी न्यायालयात केला व दाखला सप्टेंबरमध्ये मिळाला (दोन्हींच्या प्रती जोडल्या आहेत). या काळात आस्थापना सुरू होती, सर्व 24 कामगार कामावर होते व त्यांचे वेतन आणि पीएफ, ईएसआय नियमित भरले आहे (चलने जोडली आहेत). तरी मुदत संपल्याच्या तारखेपासून सलग नूतनीकरण मिळावे, ही विनंती. नियमाप्रमाणे लागणारी रक्कम भरण्यास तयार आहे.’

यातला प्रत्येक दावा एका कागदावर उभा आहे. ‘आस्थापना सुरू होती’ हे वाक्य लिहायला बहुतेक लोक घाबरतात. मी ते मुद्दाम लिहितो, कारण सुविधाकार (पूर्वीचे इन्स्पेक्टर) उद्या दुकानात आले तर त्यांना तेच दिसणार आहे. आणि ‘सलग’ शब्द नसेल तर नवी मुदत अर्जाच्या तारखेपासून धरली जाऊन मधे खड्डा राहण्याची शक्यता असते.

दंडाची भीती घालून लोकांना लुटतात, म्हणून तेही सांगतो. कायद्यात एक लाखापर्यंत दंड आणि उल्लंघन चालू राहिलं तर दिवसाला दोन हजारांपर्यंत जादा, असं लिहिलंय. एजंट इथेच वाचन थांबवतात. पुढच्या परंतुकात एकूण दंड दर कामगारामागे दोन हजारांपेक्षा जास्त होऊ नये अशी मर्यादा आहे. म्हणजे 24 कामगारांच्या या दुकानाला जास्तीत जास्त 48 हजार. हा आकडा कमी नाही, पण लाखाच्या धमकीने खोटं लिहायला लावण्याइतका मोठाही नाही.

अर्जावर एक शंका निघाली, आई आणि धाकट्या भावाचं ना-हरकत पत्र मागितलं. ते दिलं आणि प्रमाणपत्र आलं. या वेळी पूर्ण दहा वर्षांचं घेतलं.

माझं म्हणणं सरकारकडेही आहे. मालक मेल्यावर वारसाला लॉगिनचा मोबाइल नंबर बदलण्यासाठी पोर्टलवर सरळ मार्ग हवा, मृत्यू दाखला अपलोड करून. आणि जिथे सगळे वारस प्रतिज्ञापत्रावर एकमताने सह्या करतात, तिथे निदान नूतनीकरणापुरता कोर्टाचा दाखला मागू नये. शॉप ॲक्टने जागेची मालकी ठरत नाही, वारसाहक्कही ठरत नाही. दुकानात कोण कामाला आहे आणि त्यांची जबाबदारी कोणावर, एवढंच त्यातून कळायचं असतं. जबाबदारी घ्यायला माणूस स्वतःहून पुढे आला असेल, तर त्याला पाच महिने बाहेर उभं ठेवण्यात कामगारांचंही हित नाही.