डावीकडचे साडेसहा सेंटिमीटर

पान तीन भागांत आखून टिपणं काढायच्या पद्धतीबद्दल, म्हणजे कॉर्नेल नोट्सबद्दल, कोणी काही चांगलं ऐकलं की पुढच्या रविवारी घरातली पट्टी हरवते. ती कंपासपेटीत नसते, टेबलाच्या खणात नसते. सापडते तेव्हा शून्यापासून दोन सेंटिमीटरपर्यंतचा भाग तुटलेला असतो. तरी हरकत नाही. पट्टीचं काम पाच मिनिटांचं आहे. खरा छळ रेघा मारून झाल्यावर, तासाला घेतलेल्या जुन्या टिपणांचं या मांडणीत रूपांतर करताना सुरू होतो.

तरी रेघांचा हिशेब आधी उरकू. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात ही मांडणी बसवली. डावीकडे अडीच इंचांचा प्रश्नांचा रकाना, उजवीकडे सहा इंच टिपणं आणि तळाला दोन इंचांची सारांशाची पट्टी. अडीच आणि सहा मिळून साडेआठ होतात, म्हणजे अमेरिकन कागदाची बरोबर रुंदी. आपला ए-फोर त्याहून किंचित अरुंद, २१ सेंटिमीटरचा. म्हणून डावीकडून साडेसहा सेंटिमीटरवर उभी रेघ मारावी, खालून पाच सेंटिमीटरवर आडवी, आणि जे काही कमी पडेल ते टिपणांच्या भागाने निमूट सोसावं.

आपल्या फुलस्केप वहीत लाल समास आयता छापलेला असतो, आणि तोच प्रश्नांचा रकाना म्हणून वापरायचा मोह भल्याभल्यांना होतो. तो समास जेमतेम तीन सेंटिमीटरचा. त्यात तारीख मावते, प्रश्न क्रमांक मावतो, फार तर ‘व्याख्या?’ मावतं. ‘लवचिकतेवर परिणाम करणारे घटक’ लिहायला गेलात तर ‘लवचिकते’ एका ओळीत, ‘वर’ दुसऱ्या ओळीत, आणि ‘परिणाम’ तिसऱ्या ओळीत काना मोडून पडलेला. समास परीक्षकासाठी आहे, तो त्यालाच ठेवू द्यावा.

आता मूळ माल बघू. बारावी कॉमर्सचा अर्थशास्त्राचा तास, विषय ‘मागणीची लवचिकता’, म्हणजे किंमत वगैरे बदलली की मागणी किती हलते, आणि त्याची चार भरगच्च पानं. पहिल्या पानावर अक्षर मोत्यासारखं आणि शीर्षकाखाली दोन रंगांत रेघ. दुसऱ्या पानावर रंग संपले. तिसऱ्यावर ‘हे फार महत्त्वाचं आहे’ असं चौकटीत लिहिलंय, पण काय महत्त्वाचं ते लिहायचं राहिलंय. चौथ्यावर एक आलेख, ज्याच्या दोन्ही अक्षांना नाव नाही, आणि कोपऱ्यात ‘सोमवारी वही आणणे’. मधेमधे सरांची वाक्यं जशीच्या तशी: ‘म्हणजे काय झालं, तर मी मघाशी म्हटलं तसं.’ मघाशी काय म्हटलं होतं हे आता सरांनाही सांगता येणार नाही.

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. नवीन पान घेतात, पहिल्या शब्दापासून सुवाच्य अक्षरात उतरवायला बसतात, आणि ‘मी मघाशी म्हटलं तसं’ हेही इमानेइतबारे उजव्या रकान्यात येतं. हे घर बदलताना जुन्या घरातला कचराही खोक्यात भरून नेण्यासारखं आहे. हात दुखतो, वही देखणी होते आणि डोक्यात काही शिरत नाही, कारण नक्कल करताना डोक्याची गरजच पडत नाही.

म्हणून रूपांतराची सुरुवात जुन्या पानावरच, पेन्सिलीने करावी. आधी फक्त वाचायचं आणि जिथे विषय बदलतो तिथे आडवी रेघ मारायची. त्या चार पानांचे असे सात तुकडे पडतात: व्याख्या, किंमत-उत्पन्न-छेदक हे तीन प्रकार, किंमत लवचिकतेचे पाच उपप्रकार, शेकडेवारी पद्धत, एकूण खर्च पद्धत, बिंदू पद्धत आणि परिणाम करणारे घटक. मग प्रत्येक तुकड्यातलं पाल्हाळ खोडायचं. चार पानांतलं दीड पान इथेच गळतं, आणि त्या दीड पानासाठी तासभर हात मोडला होता हे पाहून जरा वाईटही वाटतं.

पुढची पायरी लोक उलटी करतात. उजवीकडचं सगळं लिहून काढतात आणि मग दमून डावीकडे शीर्षकं टाकतात: ‘व्याख्या’, ‘प्रकार’, ‘पद्धती’, ‘घटक’. झाला कॉर्नेल! माझ्या मते ही अनुक्रमणिका आहे. तिचा उपयोग पान शोधायला होतो, आठवायला होत नाही. उजवी बाजू कागदाने झाकून डावीकडचं वाचल्यावर तोंडातून उत्तर यायला हवं, त्यासाठी डावीकडे प्रश्न हवा. ‘पद्धती’ हा शब्द वाचून माणूस ‘हो, पद्धती, येतात की’ म्हणतो आणि पुढे जातो. येत काहीच नसतं.

म्हणून प्रश्न आधी ठरवावेत आणि मग त्याच्या उत्तरापुरतंच उजवीकडे लिहावं. शेकडेवारी पद्धतीचा तुकडा घेऊ. वहीत गणित आहे: वडापावची किंमत २० वरून २२ रुपये झाली, मागणी १०० वरून ८० वर आली. त्याखाली भागाकार, त्याखाली उत्तर २, आणि उत्तराच्या डावीकडे काहीतरी खोडल्याचा डाग. नव्या पानावर डावीकडे पहिला प्रश्न: ‘कशाला कशाने भागायचं?’ उजवीकडे त्याच ओळीवर: मागणीतील शेकडा बदल ÷ किमतीतील शेकडा बदल. खाली गणित चार छोट्या ओळींत. मागणी २० टक्क्यांनी घटली, किंमत १० टक्क्यांनी वाढली, भागाकार उणे २, लवचिकता २. दुसरा प्रश्न त्या डागातून निघतो: ‘ऋण चिन्ह कुठे गेलं?’ उत्तर असं की किंमत आणि मागणी उलट दिशेने हलतात, म्हणून उत्तर ऋणच येतं. किती हलली एवढंच पाहायचं असल्यामुळे चिन्ह सोडून देतात. तासाला सरांनी चिन्ह खोडलं, सगळ्यांनी खोडलं, का खोडलं ते कोणाच्याच वहीत नाही. रूपांतरात अशी भोकं सापडतात, आणि माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा भाग हाच. भोक भरता आलं नाही तर उजवीकडे दोन ओळी कोऱ्या सोडून डावीकडे प्रश्न तेवढा लिहावा आणि दुसऱ्या दिवशी सरांना गाठावं. कोऱ्या ओळी दिसायला वाईट दिसतात. पण त्या तशा खुपल्या तरच सरांना गाठलं जातं.

तिसरा प्रश्न दोन तुकडे जोडतो: ‘हेच गणित एकूण खर्चाने तपासता येईल का?’ आधीचा खर्च २० गुणिले १००, म्हणजे २००० रुपये. नंतरचा २२ गुणिले ८०, म्हणजे १७६०. किंमत वाढली आणि खर्च घटला, म्हणजे मागणी जास्त लवचिक. पहिल्या पद्धतीत उत्तर १ पेक्षा मोठं आलंच होतं, तेव्हा दोन्हींचा मेळ बसतो. असा प्रश्न वहीत आयता नसतो, तो पाडावा लागतो. एका पानात असा एक जरी निघाला तरी रविवार सत्कारणी लागला म्हणायचं.

प्रश्नांच्या आकाराचं एक पथ्य आहे. ‘मागणीची लवचिकता सविस्तर स्पष्ट करा’ हा प्रश्न बोर्डाचा, रकान्याचा नव्हे. त्याचं उत्तर अख्खं पान आहे, मग झाकायचं काय? उलट टोकाला ‘मिठाची मागणी कमी लवचिक असते का?’ असा प्रश्न. असं कोणी विचारलं की उत्तर ‘हो’च असणार हे न वाचताही कळतं. तिथे ‘मिठाची मागणी कमी लवचिक का?’ असं विचारावं, म्हणजे गरजेची वस्तू, पर्याय नाही, खर्चात वाटा नगण्य ही तीन कारणं बाहेर काढावी लागतात. साधारण तीन ते सहा ओळींच्या उत्तराला एक प्रश्न, म्हणजे पानाला पाच-सहा प्रश्न पुरतात. बारा झाले तर तुम्ही प्रत्येक वाक्याला शेपटीसारखं प्रश्नचिन्ह लावत सुटला आहात.

आणि प्रश्न उत्तराच्या पहिल्याच ओळीसमोर यायला हवा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण उजवीकडचं आधी दाटीवाटीने लिहिलं की प्रश्न हळूहळू खाली सरकतात आणि पानाच्या तळाशी ‘घटक कोणते?’ हा प्रश्न बिंदू पद्धतीच्या आलेखासमोर येऊन उभा राहतो. दोन तुकड्यांमध्ये एक ओळ सोडली तर हा घोळ होत नाही. आलेख डावीकडच्या रकान्यात घुसवू नये. साडेचौदा सेंटिमीटरात तो आरामात बसतो. मात्र अक्षांची नावं या वेळी लिहावीत: उभ्या अक्षावर किंमत, आडव्यावर मागणी. नाहीतर झाकलेला कागद उघडल्यावर पुन्हा तेच कोडं.

उरली खालची पट्टी. पाच सेंटिमीटर म्हणजे आखीव वहीत सहा ओळी, आणि या सहा ओळींवर सगळ्यांचा डोळा. उजवीकडचं लिखाण उतू गेलं की बाण काढून ते इथे आणतात, आणि सारांश कुठे गेला विचारलं तर ‘जागा नव्हती’. जागा नसेल तर दुसरं पान घ्यावं. चार पानांच्या या तासाला दोन पानं लागतातच. सारांश लिहिताना वरचं पान झाकून ठेवावं, कारण उघडं राहिलं की हात आपोआप व्याख्येचं पहिलं वाक्य उचलतो. न बघता लिहिलेला सारांश साधारण असा येतो: ‘किंमत बदलली की मागणी किती हलते, हे शेकडा बदलांच्या भागाकारातून कळतं. भागाकार १ च्या वर गेला तर मागणी जास्त लवचिक, आणि अशा वस्तूची किंमत वाढवली तर एकूण खर्च घटतो. पर्याय जास्त तितकी लवचिकता जास्त.’ त्यात सूत्राची भाषा कमी आणि आपली जास्त असेल तर बरोबर जमलं. ‘वरील पानात मागणीच्या लवचिकतेची माहिती दिली आहे’ असं लिहिलं गेलं असेल, तर ते खोडून पुन्हा वरचं पान झाकावं.

प्रत्येक विषयाला हा साज चढत नाही, हेही सांगून टाकतो. अकाउंट्सच्या आडव्या-उभ्या खतावण्या साडेचौदा सेंटिमीटरात कोंबायला गेलात तर नावे आणि जमा एकमेकांच्या अंगावर येतात. तिथे पान आहे तसं राहू द्यावं आणि प्रश्न समोरच्या कोऱ्या पानावर लिहावेत.

पुढे आठवड्यातून एकदा उजवी बाजू झाकून मोठ्याने उत्तरं द्यायची. मनातल्या मनात दिली तर प्रत्येक उत्तर बरोबरच असतं. अडलं त्या प्रश्नापुढे पेन्सिलीने ठिपका द्यायचा. एकाच प्रश्नापुढे तीन ठिपके जमले तर आधी प्रश्न तपासावा, बऱ्याचदा तोच वाकडा विचारलेला असतो. घरातल्यांना मात्र आधी कल्पना देऊन ठेवा, कारण बंद खोलीतून कोणी मोठ्याने ‘ऋण चिन्ह कुठे गेलं?’ असं स्वतःलाच विचारत असेल, तर आई एकदा तरी दार वाजवतेच.