'स्विस मूव्हट' लिहिलेल्या घड्याळाबद्दल आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "स्विस घड्याळ म्हणून विकलं. घड्याळजींनी उघडून पाहिलं तर केस, म्हणजे बाहेरची डबी, चीनची निघाली. मागच्या झाकणावर कुठल्याच देशाचं नाव नाही. मशीन तरी खरं आहे का? सरळसरळ नकली माल."

नमस्कार. चूक आमची आहे. वर्णनात आम्ही 'स्विस घड्याळ' लिहिलं, ते लिहायला नको होतं. मात्र घड्याळ नकली नाही. ते स्वतःबद्दल काय सांगतं, हे त्याच्या तबकडीवरच छापलेलं आहे.

सहाच्या आकड्याखाली डावीकडे 'स्विस' आणि उजवीकडे 'मूव्हट' अशी बारीक अक्षरं आहेत. मूव्हट म्हणजे मूव्हमेंट, आतलं मशीन. एवढ्यावरून फक्त मशीन स्विस असल्याचा दावा होतो. स्वित्झर्लंडच्या नियमानुसार ते दोन्ही शब्द सारख्याच आकाराच्या, ठशाच्या आणि रंगाच्या अक्षरांत हवेत. तुमच्या घड्याळात तसेच आहेत. 'स्विस' ठळक आणि पुढचा शब्द भिंगाशिवाय दिसत नाही, असं असतं तर मीही संशय घेतला असता.

त्याच जागी 'स्विस मेड' असतं तर दावा पूर्ण घड्याळाचा झाला असता. त्यासाठी मशीन स्विस असावं लागतं, ते केसमध्ये स्वित्झर्लंडमध्येच बसवावं लागतं, शेवटची तपासणीही तिथेच व्हावी लागते आणि 2017 पासून उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग तिथला असावा लागतो. उरलेला खर्च बाहेरचा चालतो. म्हणून केस चीनची असणं हा एकटा पुरावा पुरेसा नाही. खरोखरच्या 'स्विस मेड' घड्याळाचीही केस बाहेरून आलेली असू शकते. तुमच्या घड्याळात मशीन बसवण्याचं कामच स्वित्झर्लंडबाहेर झालं आहे, आणि 'स्विस घड्याळ' हे वर्णन तिथेच खोटं ठरतं.

झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' आहे, तेही जपून वाचा. ते फक्त झाकणाबद्दल आहे. केस दुसऱ्या धातूची, वरून मुलामा दिलेली असू शकते.

आता मशीनबद्दल. छापील अक्षरं कोणीही छापू शकतं, ही तुमची शंका रास्त आहे. त्यामुळे तुमच्या घड्याळजींना पुन्हा झाकण काढायला सांगा आणि मशीनच्या पट्टीवर बनवणाऱ्याची खूण, कॅलिबर म्हणजे मशीनच्या मॉडेलचा क्रमांक आणि 'स्विस मेड' असं कोरलेलं आहे का ते पाहा. तिथलं 'स्विस मेड' केवळ त्या मशीनपुरतं असतं. ते पाहून अख्खं घड्याळ स्विस समजणारे पुष्कळ भेटतात. तिथे 'स्विस पार्ट्स' असेल, तर सुटे भाग तिथले आणि जुळणी दुसरीकडची. तसं निघालं तर तबकडीवरचा दावाही टिकत नाही. मला फोटो पाठवा, मी ही अख्खी खेप परत पाठवीन.

तुमचे पूर्ण पैसे मात्र या तपासणीची वाट न पाहता परत मिळतील, परत पाठवण्याचा खर्चही आमचा. वर्णन आजच बदललं आहे: 'स्विस मशीन, जुळणी स्वित्झर्लंडबाहेर'.