यंत्राचं पुस्तक आमच्या गळी कसं उतरवावं

पुस्तक एआयने, म्हणजे आमच्या भाषेत यंत्राने, लिहिलेलं असेल, तर सगळ्यात आधी फाईलमध्ये 'नक्कीच!' हा शब्द शोधा आणि काढून टाका. एवढं एक केलंत तरी निम्मं काम झालं. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आलेल्या एका कादंबरीचं सातवं प्रकरण असं सुरू होत होतं : 'नक्कीच! तुमच्या सूचनेप्रमाणे हे प्रकरण अधिक भावनिक करून देत आहे.' पुस्तक आईला अर्पण केलेलं होतं. त्या माउलीनेसुद्धा लेकाचं इतकं मुकाट्याने कधी ऐकलं नसेल.

मी अलिबागेत एका छापखान्यामागच्या दीड खोलीत बसतो. तिथे आमचं प्रकाशन चालतं. मालक, मी आणि पाऊस लागला की गळणारा एक कोपरा. आलेल्या संहिता वाचणं हे माझं काम. पूर्वी महिन्याला चार-पाच यायच्या, बहुतेक पेन्शनीतल्या मास्तरांच्या. हल्ली एका आठवड्यात तेवढ्या येतात आणि त्यातल्या काहींचे लेखक आधीच्या आठवड्यात दुसऱ्याच विषयाचे तज्ज्ञ असतात. तुम्हीही त्याच वाटेवर असाल, तर माझ्याएवढा कामाचा माणूस तुम्हाला मिळायचा नाही.

खरं तर आमच्याकडे येऊच नका. ॲमेझॉनच्या केडीपीवर जा, तिथे आपलं पुस्तक आपणच प्रकाशित करता येतं, मराठी ई-बुकही चालतं. तिथे फक्त एक प्रश्न विचारतात : मजकूर, चित्रं किंवा भाषांतर यंत्राने तयार केलंय का? सप्टेंबर 2023 पासून हे सांगणं सक्तीचं आहे. यंत्राने लिहिलेलं तुम्ही नंतर कितीही घासूनपुसून घेतलंत, तरी त्यांच्या हिशेबी ते यंत्राचंच. तुम्ही स्वतः लिहून यंत्राकडून नुसतं तपासून घेतलं असेल, तर सांगायची गरज नाही. या दोहोंमधली रेघ कुणी ओढायची? तुम्हीच. नियम आला तेव्हा हे उत्तर गिऱ्हाईकाला दाखवायचं नाही असंच ठरलं होतं, म्हणजे खरं बोलूनही अब्रू शाबूत. त्याच महिन्यात त्यांनी आणखी एक बंधन घातलं, एका खात्यावरून दिवसाला तीनच नवी पुस्तकं. तीनच! ज्याला चौथं सुचलं असेल त्याने रात्री बारापर्यंत थांबायचं. साहित्यिकाला इतका संयम हवाच.

तरीही तुम्हाला कागदावरचंच पुस्तक हवं असेल, नगराध्यक्षांच्या हस्ते प्रकाशन आणि कोकम सरबत हवं असेल, तर आमची चाळण कशी चालते ते ऐका. अमेरिकेत 'क्लार्क्सवर्ल्ड' नावाचं विज्ञानकथांचं मासिक आहे. यंत्राच्या कथांचा पूर आला म्हणून 20 फेब्रुवारी 2023 रोजी त्यांनी कथा स्वीकारणंच बंद केलं. त्यांचे संपादक नील क्लार्क या कथा ओळखतात कशा, हे काही सांगत नाहीत. सांगितलं तर लोक तेवढंच टाळतील. आम्ही कोकणातली साधी माणसं, आमच्या पोटात काही राहत नाही.

सुरुवातीला आम्हीही ओळखयंत्र वापरलं. मजकूर डकवला की तो यंत्राने लिहिलेला असण्याची शक्यता किती, ते टक्क्यांत सांगतं. मालकांना ते फार आवडलं, कारण टक्के आले की वाद मिटतो. त्याने पहिला बळी घेतला तो एका निवृत्त मुख्याध्यापकांचा. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीवर त्यांनी हाताने लिहिलेली दोनशे पानं आम्हीच टाईप करून घेतली होती. त्यातला तुकडा डकवला, तर ओळखयंत्र म्हणालं की हे यंत्राने लिहिलंय. का? मास्तरांची वाक्यं नीटनेटकी, शुद्धलेखन चोख, प्रत्येक परिच्छेद सारख्या मापाचा. चाळीस वर्षं निबंध तपासलेल्या माणसाचं दुसरं काय होणार?

मग मी हिशेब मांडला. चॅटजीपीटीवाल्या 'ओपनएआय' कंपनीने स्वतःचंच ओळखयंत्र काढलं होतं. यंत्राच्या मजकुरापैकी 26 टक्केच त्याला ओळखता यायचा आणि माणसाच्या 9 टक्के मजकुरावर ते नाहक शिक्का मारायचं, ही कबुली कंपनीचीच. जुलै 2023 पर्यंत त्यांनी ते बंदही केलं. आता धरा, माझ्याकडे 200 संहिता आल्या, त्यातल्या 40 यंत्राच्या. त्या चाळिसातल्या दहा सापडणार. उरलेल्या 160 माणसांच्या, त्यातल्या चौदा विनाकारण अडकणार. म्हणजे मी ज्या चोवीस जणांना 'चोर' म्हणणार, त्यातले चौदा मास्तर. हे सगळं इंग्रजीतलं बरं का. इतर भाषांत ते आणखी चुकतं, असं त्यांनीच लिहून ठेवलं होतं. नंतरची ओळखयंत्रं सुधारली असतीलही, पण मराठीत किती, ते कुणी मला मोजून दाखवलेलं नाही. तेव्हा आमच्याकडे त्याचे टक्के आता कुणी बघत नाही, आणि तुमच्या दृष्टीने ही वाईट बातमी आहे.

कारण ओळखयंत्र गेल्यावर आम्ही साधे उद्योग सुरू केले. वर्ड फाईलच्या माहितीत त्या फाईलवर एकूण किती वेळ काम झालं, ते मिनिटांत लिहिलेलं असतं. एका 180 पानी पुस्तकाला चार मिनिटं लागली होती. अर्थात त्यावरून मी कुणाला फाशी देत नाही. आमच्याकडचे निम्मे लेखक वहीत लिहितात, टाईप करणारा भलताच असतो आणि मजकूर एका फाईलमधून दुसरीत डकवला की घड्याळ शून्यावर येतं. म्हणून मी आधीचा खर्डा मागतो. वही, व्हॉट्सॲपवर मुलीला पाठवलेली पानं, श्रीलिपीतून युनिकोडात आणताना मोडलेली जोडाक्षरं, काहीही. खऱ्या लेखकाकडे हा कचरा गोणीभर असतो आणि तो दाखवायला तो उत्सुकही असतो. तुमच्याकडे नसेल, तर पावसात वही भिजली म्हणा. गेल्या वर्षी तिघांच्या भिजल्या, त्यातली एक एप्रिलात.

आता खरी गंमत. 'कोकणच्या रानभाज्या : निसर्गाचा अनमोल खजिना' नावाची संहिता आली. चव्वेचाळीस भाज्या, प्रत्येकीला बरोबर अडीच पानं. टाकळ्याला अडीच, भारंगीला अडीच. प्रत्येक भाजी 'केवळ भाजी नाही, तर एक वारसा' होती आणि प्रत्येकीत लोह होतं. मालक खूश. मुंबईचे पाहुणे असली पुस्तकं घेतात, 300 प्रती सहज जातील, म्हणाले. जुन्या सवयीने त्यांनी ती ओळखयंत्रात डकवूनही पाहिली होती आणि त्यानेही निर्वाळा दिला होता : माणूस.

आमची रीत अशी की मधलं कुठलंही पान काढायचं आणि जागेवर जाऊन पडताळता येतील अशी तीन विधानं निवडायची. मला शेवळाचं पान लागलं. पावसाच्या तोंडावर शेवळं जमिनीतून वर येतात, हे बरोबर होतं. पुढे होतं, 'शेवळं स्वच्छ धुऊन बारीक चिरावीत.' इथे मी थांबलो. शेवळं उघडून आतला पिवळा भाग काढून टाकायचा असतो, तो राहिला की तोंड खाजतं. आणि त्यापुढे : 'भाजीची रुची वाढवण्यासाठी अर्धी वाटी काकडी किसून घालावी.'

काकडी?

मी पुस्तक घेऊन बाजारात गेलो. शेवळं विकणाऱ्या मावशींपुढे वाटे मांडलेले होते आणि शेजारी, नेहमीप्रमाणे, काकडं. काकडं म्हणजे काकड झाडाची हिरवी आंबट फळं. शेवळं कुणी नुसती नेत नाही, काकडं बरोबर घेतातच, कारण त्यांच्या आंबटानेच शेवळाची खाज मरते. नसली तर चिंच किंवा आमसूल. शेवळात सुरणासारखेच सुईच्या टोकासारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. मी मावशींना ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला हाक मारली, 'अगं ऐक, शेवळात काकडी! कोशिंबीर करतोय का हा?' मग मला म्हणाल्या, 'ज्याने लिवलंय ना, त्याला आधी खायला घाल.'

म्हणजे कुठे तरी 'काकडं' वाचलं गेलं, आणि जो शब्द जास्त ओळखीचा तो बसवला गेला. व्याकरण अचूक, शुद्धलेखन अचूक, घसा गेला. पुढचं प्रकरण अळंब्यांचं होतं. ते मी पडताळलं नाही, सरळ बाजूला ठेवलं. खाजणारा घसा संध्याकाळपर्यंत बरा होतो, चुकीच्या अळंबीचं तसं नसतं. ऑगस्ट 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या अळंबी मंडळाने असल्याच यंत्रलिखित पुस्तकांबद्दल लोकांना सावध केलं होतं.

तेव्हा सल्ला असा की रानभाज्या, औषधं, अळंब्या, होडी चालवणं यांच्या वाटेला जाऊ नका. चारोळ्या लिहा. चारोळीने कुणाचा घसा खाजत नाही, आणि खाजला तरी सिद्ध करता येत नाही.

शेवटची पायरी फोनची. आम्ही प्रत्येक लेखकाला फोन करतो आणि पुस्तकात नसलेलं काही तरी विचारतो. रापणवाल्या मास्तरांना मी विचारलं होतं, रापण ओढताना पाय कुठे रुततो? ते पाऊण तास बोलले, मध्ये दोनदा मला मूर्ख म्हणाले. ते पुस्तक आम्ही छापलं. या रानभाज्यावाल्या गृहस्थांना विचारलं, 'शेवळं तुम्ही कुठून आणता?'

'स्थानिक बाजारपेठेतून.'

'वाट्याबरोबर आणखी काय घेता?'

बराच वेळ शांतता. मागे कळफलक वाजत होता.

'काकडी,' ते म्हणाले. 'शक्यतो सेंद्रिय.'