कॉलवर स्क्रीन दाखवून सेटिंग समजावणं म्हणजे डोक्याला ताप

व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन शेअरचं बटण ज्यांनी दिलं, त्यांनी ते कधी सत्तरीच्या माणसासोबत वापरून पाहिलंय का? मला तर वाटत नाही.

मामा गिरगावात, मी मुलुंडला. रविवारी मेगाब्लॉक, म्हणून म्हटलं कॉलवरच उरकू. काम एवढंसंच. मामाच्या फोनमध्ये बीपीच्या गोळीची आठवण करून देणारं ॲप आहे आणि त्याचा गजर रात्री वाजतच नाही. ॲपचा यात दोष नाही. बॅटरी वाचवायच्या नावाखाली फोनच मागे चाललेली ॲप्स झोपवून टाकतो. औषधाचं ॲप आणि पत्त्यांचा गेम, दोन्ही त्याच्या लेखी सारखेच! त्या एका ॲपला यातून सूट द्यायची होती, बस.

मी माझी स्क्रीन शेअर केली. "मामा, हे बघ, इथे दाब." मामाने दाबलं, पण कुठे? कॉलमध्ये दिसणाऱ्या माझ्या स्क्रीनच्या चित्रावर! "अरे, दाबतोय मी, काहीच होत नाही." होणार कसं? ते चित्र आहे. पण दिसायला हुबेहूब फोनच, तोही स्वतःच्या हातातल्या काचेवर. मग माणूस त्यावरच बोट ठेवणार ना? यात मामाची काडीची चूक नाही आणि "म्हाताऱ्यांना जमत नाही" म्हणून हसणाऱ्यांची मला भयंकर चीड येते.

बरं, समजावलं. मामा कॉलमधून बाहेर आला, सेटिंग्ज उघडली. त्याबरोबर माझी स्क्रीन आक्रसून कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली. त्यात मला वाचता येणार नाही, तर मामाला काय दिसणार? मोठं करून बघावं तर सेटिंग्ज जातात, सेटिंग्जमध्ये जावं तर चित्र जातं. एकाच काचेवर बघायचंही आणि करायचंही, हे जमणारच नाही. एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही?

आणि चित्र मोठं दिसलं असतं तरी उपयोग काय? दोन्ही फोन अँड्रॉइडच, पण कंपन्या वेगळ्या. माझ्याकडे जे "बॅटरी"त आहे, ते मामाकडे भलत्याच नावाखाली, दोन पायऱ्या आत. "तू म्हणतोस ते इथे नाहीच रे," असं मामा म्हणत राहिला आणि ते खरंच होतं. प्रत्येक कंपनीला स्वतःचं वेगळं घोडं दामटायचं असतं, भोगायचं मात्र मामाने.

मग उलटं करू म्हटलं, मामाने त्याची स्क्रीन दाखवावी. तिथे इशारा आला की स्क्रीनवर दिसणारं सगळं, अगदी पासवर्डसुद्धा, समोरच्याला दिसू शकेल. मामाने हात मागे घेतला. "बँकेवाले सांगतात, स्क्रीन कुणाला दाखवू नका." बरोबरच आहे त्याचं! फोनवरून फसवणारे हेच करायला लावतात, मध्येच ओटीपीचा मेसेज आला की तोही त्यांना वाचता येतो. भाच्यासाठी ही सवय मोडायला लावणं मला पटेना. आज मी आहे, उद्या भाच्याचं नाव सांगून दुसराच कुणी असेल.

शेवटी मामीचा फोन कामाला आला. कॉल तिच्या फोनवर घेतला, मागचा कॅमेरा लावला आणि मामाच्या फोनवर धरायला सांगितला. ट्यूबलाइटची तिरीप काचेवर येत होती, म्हणून मामी जरा बाजूला सरकली, आणि मला मामाची खरी स्क्रीन आणि खरं बोट, दोन्ही दिसू लागलं. सेटिंग्जमध्ये शोधाशोध न करता ॲपचं चित्र दाबून धरायला लावलं. त्यातून `App info` उघडतं, बहुतेक सगळ्या अँड्रॉइड फोनवर. तिथे बॅटरीत `Unrestricted` निवडलं. काही फोनवर त्यालाच `No restrictions` म्हणतात. झालं! एवढ्यासाठी अख्खी दुपार गेली.

आणि त्याच पानावर खाली आणखी एक बटण सापडलं: `Pause app activity if unused`. मुळातच चालू! म्हणजे ॲप काही महिने उघडलं नाही की फोन त्याच्या परवानग्या काढून घेणार. गजराचं ॲप रोज उघडून कोण बसतं? ते आपणहून वाजावं म्हणूनच तर ठेवलेलं असतं ना! तेही बंद करायला लावलं. मामी नसती आणि घरात दुसरा फोन नसता, तर हे कुणाला दिसलं असतं? एकट्या राहणाऱ्या माणसाने काय करायचं, सांगा ना कुणीतरी.