‘2 दिवस, 900 रुपये, ऑक्टोबर’: माझंच शीर्षक माझ्या अंगावर आलं ती गोष्ट

2022 च्या दिवाळीत आम्ही सात जण सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराच्या, धनत्रयोदशीला भरणाऱ्या यात्रेला जाऊन आलो. परतल्यावर पाय दुखत असतानाच मी त्यावर लिहिलं आणि वर शीर्षक ठोकलं: ‘अस्तंबा ट्रेक: 2 दिवस, 900 रुपये, ऑक्टोबर’. दिवस, पैसे, महिना. खूप जणांनी शेअर केलं, मीही खूश.

पुढच्या वर्षी 21 ऑक्टोबरला, शनिवारी रात्री फोन आला. पुण्याची चार मुलं. “दादा, तुमचं वाचून आलोय. पण इथे कोणीच नाहीये.”

मी कपाळावर हात मारला. 2022 ला धनत्रयोदशी 22 ऑक्टोबरला होती, म्हणून मी ‘ऑक्टोबर’ लिहिलं होतं. 2023 ला ती 10 नोव्हेंबरला होती. मुलांनी माझीच तारीख धरून जवळचा शनिवार गाठला आणि यात्रेच्या वीस दिवस आधी सातपुड्यात येऊन उभी राहिली. नवरात्राची सातवी माळ, आमची खान्देशातली निम्मी माणसं वणीच्या वाटेला लागलेली. अस्तंब्याकडे कोण फिरकणार? तळोद्याच्या जीपवाल्याने त्यांना सांगितलंही होतं म्हणे, “आते कसाले उनात? यात्राले आखो ईस दिन शेतस.” म्हणजे, आत्ता कशाला आलात, यात्रेला अजून वीस दिवस आहेत. पण ही पुण्याची मुलं, त्यांना अहिराणी कळेना. त्यांना वाटलं भाडं वाढवतोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अस्तंबा नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, साधारण 1325 मीटर उंच. अश्वत्थाम्याचं ठिकाण. धनत्रयोदशीला यात्रा सुरू होते आणि लोक रात्रभर चढून पहाटे शिखरावर पोहोचतात. खान्देशातले असतात, गुजरात आणि मध्य प्रदेशातलेही असतात.

आता महिना लिहिला तर बिघडलं काय? तर हे. तिथी दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम एकोणीसेक दिवस पुढे उडी मारते. 2023 ला अधिक श्रावण होता, म्हणून 22 ऑक्टोबरची 10 नोव्हेंबर झाली. मग 2024 ला 29 ऑक्टोबर, 2025 ला 18 ऑक्टोबर. 2026 ला पुन्हा अधिक महिना, म्हणून 6 नोव्हेंबर. म्हणजे माझा ‘ऑक्टोबर’ काही वर्षी खरा आणि काही वर्षी साफ खोटा. ‘ऑक्टोबर-नोव्हेंबर’ लिहिलं असतं तरी काय, दोन महिन्यांतले नेमके दोन दिवस वाचणाऱ्याने कसे शोधायचे? (आणि 2022 ला तर धनत्रयोदशी 22 की 23 यावरच घरोघरी वाद होता.)

सारंगखेड्याचं तसं नाही. तिथली घोड्यांची यात्रा दत्तजयंतीची. तीही तिथीवरच, 2023 ला 26 डिसेंबर, 2024 ला 14, 2025 ला 4. पण यात्रा बरेच दिवस चालते, त्यामुळे नुसतं ‘डिसेंबर’ लिहिलं तरी माणूस बहुतेक वेळा घोडे बघूनच येतो. अस्तंब्याला ती सोय नाही.

आणि एक दिवस हुकला की नुसती गर्दी हुकत नाही, तो डोंगरच वेगळा असतो. पावसाळ्यानंतर वाटेवर छातीएवढं गवत असतं. ते तुडवलं जातं यात्रेच्या पायांनी. यात्रेच्या रात्री तुम्ही वाट शोधतच नाही, पुढच्या माणसाच्या बॅटरीमागे चालता. वद्य तेरस असल्याने पहाटेपर्यंत चंद्र नसतो, तरी बॅटऱ्यांची माळ खालपासून वरपर्यंत दिसते. मध्ये चहा मिळतो, भजी मिळतात, कोणी पाणी देतं. त्या मुलांना सप्तमीचा अर्धा चंद्र होता, तोही मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा. गवतात वाटेला दोन फाटे फुटले, ते गुरांच्या वाटेने गेले आणि पाणी संपलं. वाट चुकलेल्याला अश्वत्थामा वाट दाखवतो असं आमच्याकडे म्हणतात. यांना सकाळी एका गुराख्याने दाखवली. मी रात्रभर फोन उशाशी घेऊन जागा.

पैशांचं तर बोलूच नका. ते 900 खोटे नव्हते, पण कोणाचे होते ते मी सांगितलं नव्हतं. गाडी मित्राची होती. डिझेल आणि ड्रायव्हर मिळून 3,500, भागिले सात, म्हणजे माणशी 500. रेल्वेने जळगाव-नंदुरबार जाऊन-येऊन आणि वरचा चहापाणी मिळून 400. जेवणाचा खर्च शून्य, कारण दशम्या, ठेचा आणि शेव घरून नेलेलं. आता तेच चौघांवर करा: गाडी माणशी 875, अधिक 400, झाले 1,275. त्यातही त्यांच्याकडे मित्राची गाडी नव्हती, भाड्याची होती. दोन दिवसांचे 7,000, भागिले चार, 1,750, अधिक ते 400. म्हणजे 2,150, आणि यात पुणे ते जळगाव धरलेलंच नाही. माणसं कमी झाली तरी गाडीचं भाडं कमी होत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या शीर्षकात नव्हती. ‘900’ वाचून आलेला विद्यार्थी खिशात किती घेऊन निघेल, याचा विचार मी केलाच नाही.

‘2 दिवस’ही तसेच. ते तळोदा ते तळोदा होते. दुपारी तळोदा, संध्याकाळी चढायला सुरुवात, पहाटे वर, दुसऱ्या दिवशी अंधारापर्यंत खाली. आम्ही जळगावहून निघून रात्री घरी परतलो तेव्हा तिसरा दिवस उजाडायला आला होता. पुण्यावरून आलात तर चार धरा. शिवाय धडगावच्या बाजूने गेलात तर गाडी बरीच आत जाते, चाल कमी होते. म्हणजे कुठून चढलात हे न सांगता लिहिलेला दिवसांचा आकडा वाचणाऱ्याच्या काय कामाचा?

काही मित्र म्हणतात, एवढं सगळं शीर्षकात घातलं तर मोबाइलवर अर्धंच दिसतं. खरंय. म्हणून क्रम महत्त्वाचा. जे चुकलं तर माणूस अडकतो ते आधी लिहायचं, जे चुकलं तर फक्त खिसा हलका होतो ते नंतर. तिथी आधी, मग कुठून कुठे, मग दिवस, आणि पैसे सगळ्यात शेवटी, तेही किती जणांत ते सांगून. आपण बरोबर उलटं करतो, पैसे पुढे आणतो, कारण बोट तिथे थांबतं. मीही तेच केलं होतं.

त्या रविवारीच मी शीर्षक बदललं: ‘अस्तंबा यात्रा, धनत्रयोदशीची रात्र: तळोदा ते तळोदा 2 दिवस, मित्राची गाडी, सात जणांत माणशी 900’. खाली दर दिवाळीच्या आधी पंचांग बघून त्या वर्षीची तारीख टाकतो. शेअर पूर्वीच्या निम्म्यानेही होत नाही.

त्या चौघांपैकी दोघं 2024 ला 29 ऑक्टोबरला परत आले, आमच्याच गाडीत. वर पोहोचल्यावर एकाने खाली बोट दाखवून विचारलं, “दादा, गेल्या वर्षी आम्ही कुठे होतो?” मी बघितलं. गुरांची वाट दरीच्या अगदी काठाने गेली होती. मी म्हटलं, “चहा पी आधी.”