पंधराशे रुपये आणि घरातला शब्द

‘लाडकी बहीण योजनेमुळे घरात बाईचा शब्द चालू लागला हे सिद्ध झाले आहे, पैसे कुठे खर्चायचे ते आम्हीच ठरवतो, असे लाभार्थी महिला स्वतः सांगतात.’

हा मजकूर सोसायटीच्या गटावर फिरत होता तोवर मी सोडून दिले होते. पण कुर्ल्यातील एका वस्तीत पाहणी करून छोटा मूल्यमापन-निबंध लिहिणाऱ्या माझ्या भाचीने तो निष्कर्ष म्हणून उतरवला, तेव्हा राहवले नाही.

सर्वांत हास्यास्पद आहे तो ‘योजनेचे पैसे कुठे खर्चायचे ते कोण ठरवते’ हा विचारलेला प्रश्नच. समजा, नवरा किराणा-भाजीसाठी दरमहा ६००० रुपये बायकोच्या हातावर ठेवत असे आणि ‘आता सरकार देतेच’ म्हणून तो ४५०० देऊ लागला. तेल, डाळ, वह्या सारे पूर्वीइतकेच आले. ती प्रामाणिकपणे सांगेल की १५०० मी खर्चते. तिचा अधिकार मात्र तसूभरही वाढलेला नाही. वाढली ती नवऱ्याची शिल्लक. म्हणून विचारायचे ते हे, की खर्चाला हातात मिळणारी रक्कम योजनेपूर्वी किती होती आणि आता किती आहे. तेही दहा बाय बाराच्या खोलीत सासूसमोर नव्हे.

मत विचारण्याऐवजी किंमत विचारता येते. उत्तर मॅसिडोनियात मुलांच्या माध्यमिक शाळेतील हजेरीशी जोडलेले अनुदान काही नगरपालिकांत आईला, तर काहींत कुटुंबप्रमुखाला द्यायचे, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अल्मोस आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात स्त्रियांपुढे निवड ठेवली गेली: नवऱ्याला पूर्ण रक्कम, की तुम्हाला त्याहून कमी? स्वतःच्या हाती पैसे यावेत म्हणून जी जास्त रक्कम सोडायला तयार होते, तिचा घरात ताबा कमी. जिथे अनुदान आईला मिळत होते, तिथल्या स्त्रिया कमी रक्कम सोडायला तयार होत्या. हा पुरावा झाला, कारण तुलनेला दुसरा गट होता.

आपल्याकडे तो गट सहज मिळत नाही. योजनेच्या अटींत जेमतेम बसणाऱ्या आणि जेमतेम न बसणाऱ्या बायकांची तुलना करावी म्हटले, तर वयाच्या ६५ वर्षांच्या सीमेजवळ श्रावणबाळ योजनेचे पैसे मध्ये येतात. २१ च्या सीमेजवळ मुंबईतल्या बहुतेक मुली अविवाहित, म्हणजे तिथे ओढाताण वडिलांशी. आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर उत्पन्नाचा दाखला लागत नसल्याने वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची रेषा कागदावर दिसतच नाही.

एवढे मात्र नाइलाजाने मान्य करतो की पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात जाण्याने फरक पडू शकतो. मध्य प्रदेशात रोजगार हमीच्या मजुरीबाबत फील्ड, पांडे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तसे दाखवले आहे. पण तिथे नुसते खाते मिळालेल्या स्त्रियांपेक्षा, खात्यात थेट मजुरी आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण मिळालेल्या स्त्रिया अधिक काम करू लागल्या. भाचीच्या प्रश्नावलीत तर खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा, हेही विचारलेले नाही.