वरील विषयास अनुसरून

टोरांटोच्या विद्यापीठाला प्रवेशासाठी माझी ट्रान्सक्रिप्ट हवी आहे. म्हणजे आठही सेमिस्टरचे गुण एकत्र छापलेला कागद, माझ्या भारतातल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या सहीचा, त्याच विद्यापीठाच्या पाकिटात, आणि पाकिटाच्या झाकणावर आडवा शिक्का. फी ऑनलाइन भरली, पावती आली. पोर्टलवर 'Pending' उमटलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं.

मग ईमेल. कॅनडात बसूनही बोटांनी आपोआप 'महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की' टाइप केलं. पुढे माझं भवितव्य, प्रवेशाची अंतिम तारीख, आईबाबांच्या अपेक्षा. उत्तर आलं: 'Send details.'

माझी मावसबहीण अशाच एका कार्यालयात नोकरी करते. ती म्हणाली, "भवितव्य कोण वाचतंय गं? विषयाच्या ओळीतच पीआरएन, उत्तीर्ण वर्ष आणि अर्ज क्रमांक टाक. सीट नंबर दर परीक्षेला बदलतो, त्यावरून तू कुणालाच सापडणार नाहीस. पावती आणि सगळ्या गुणपत्रिका एकाच पीडीएफमध्ये. केटीची पण!"

तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताची ती केटी मी कॅनडात कुणाला सांगितलेली नव्हती. पण सुटल्याची गुणपत्रिका जोडली नाही, तर दप्तरी मी अजून नापासच. जोडली.

शिवाय नावाचा घोळ. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मी, मग बाबा, शेवटी आई. पासपोर्टवर मी आणि बाबा एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या, आणि आई थेट शेवटच्या पानावर. इथल्या प्रवेश विभागानं नम्रपणे विचारलं, या दोन्ही व्यक्ती आपणच का? म्हणून ईमेलमध्ये दोन्ही नावं जशीच्या तशी लिहिली आणि पासपोर्टची प्रतही जोडली.

आता फक्त पाठपुरावा उरला. तिकडे साडेदहाला कार्यालय उघडतं, तेव्हा इकडे रात्रीचा एक. फोन लागला.

"मॅडम, ईमेल केला होता."

"मिळालाय ना. त्याची प्रिंट घेऊन या."

"मी कॅनडात आहे."

"मग कुणाला तरी पाठवा. अधिकारपत्र, त्यांचं आधार आणि ईमेलची प्रिंट."

अधिकारपत्रावर सही करून स्कॅन पाठवलं आणि मामाला गळ घातली. मामा निवृत्त तलाठी. दुसऱ्याच्या कार्यालयात खुर्ची मिळवण्याचं कसब त्याच्या अंगात मुरलेलं. दुपारी चहा पिऊन, कारकुनाच्या गावाकडच्या सातबाऱ्याची अडचण सोडवून, तो पाकीट घेऊनच बाहेर पडला. माझे ईमेल जे करू शकले नाहीत, ते एका फेरफार नोंदीनं केलं.

"मामा, लगेच कुरियर कर हं."

"करतो की. आधी सगळं नीट तपासलं. नाव बरोबर, केटी पण सुटलेली दिसते."

"तपासलं म्हणजे?"

"अगं, पाकीट फोडून."